साडेसातला घरी, आठला जेवण: कुकरातली खिचडी आणि कढईतल्या चकोल्या

प्रश्न: मी कुपवाडच्या एमआयडीसीत कामाला आहे. घरी पोचेपर्यंत साडेसात होतात. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहा वर्षांचा. दारात पाऊल टाकलं की दोघं "आई, भूक लागली" म्हणून मागं लागतात. मग बिस्किटांचा पुडा फुटतो, आणि पोळी-भाजी होईस्तोवर नऊ वाजतात. तोवर त्यांची भूक मेलेली असते. कुकरात डायरेक्ट खिचडी लावून बघितली, पण कधी खाली लागते, कधी शिटीतून पिवळं पाणी सगळ्या शेगडीवर येतं, कधी डाळ कच्ची राहते. मिस्टरांची सेकंड शिफ्ट असते, ते साडेअकराला येतात. एकाच भांड्यात, अर्ध्या तासात होईल आणि मुलं पोटभर खातील असं काहीतरी नीट सांगा.
एक आई, विश्रामबाग, सांगली

उत्तर: ताई, खिचडी सोडू नका. अर्ध्या तासात बसणारं आणि मुलांचं पोट भरणारं तिच्याइतकं भरवशाचं दुसरं काही नाही. तुम्ही लिहिलेले तिन्ही बिघाड ठरावीक कारणांनी होतात आणि तिन्ही टाळता येतात. म्हणून आधी खिचडी नीट बसवून घेऊ, मग बदल म्हणून आणखी दोन पदार्थ सांगते.

अर्धा तास जातो कुठे, ते आधी बघा. शिजायला फार वेळ लागत नाही. वेळ जातो गार पाणी तापण्यात, भाजी चिरण्यात आणि शेवटी कुकरची वाफ जिरण्यात. वाफ जिरायला आठ-दहा मिनिटं लागतातच, ती कमी करायला जाऊ नका. पहिल्या दोन गोष्टी मात्र आपल्या हातात आहेत. घरात आल्यावर पर्स ठेवली की कपडे बदलायच्या आधी दुसऱ्या बर्नरवर पातेल्यात सहा वाट्या पाणी झाकण घालून तापत ठेवा. तुम्ही हातपाय धुऊन येईपर्यंत ते कढत झालेलं असेल. फोडणीवर गार पाणी ओतलं तर तेच पाणी कुकरात तापायला पाच-सहा मिनिटं जास्त लागतात, आणि तेवढा वेळ डाळ-तांदूळ तळाशी बसून राहतात. खाली लागण्याचं एक कारण हेही आहे.

आता प्रमाण. तीन लिटरचा कुकर आणि दीडशे मिलिलिटरची वाटी धरते. तुमच्या वाटीत किती पाणी मावतं ते एकदा मापून ठेवा, कारण घरोघरी वाटी वेगळी असते आणि बिघाड तिथूनच सुरू होतो. एक वाटी तांदूळ, पाऊण वाटी सालं काढलेली मूगडाळ, सहा वाट्या कढत पाणी. एवढ्यात तुम्ही, दोन मुलं आणि मिस्टरांचा डबा होतो. इंद्रायणी तांदूळ असेल तर पाणी अर्धी वाटी कमी करा, तो मुळातच चिकट आणि मऊ शिजतो. खिचडीला तो चांगलाच लागतो. कोलम असेल तर सहा वाट्या बरोबर.

डाळ मूगच घ्या. तूरडाळ घालत असाल तर ती कच्ची राहण्याचं कारण तेच असण्याची दाट शक्यता आहे. तूरडाळीला तांदळापेक्षा जास्त वेळ लागतो, त्यामुळे डाळ शिजेपर्यंत थांबलं तर तांदळाची पेज होते आणि तांदळाच्या वेळेला गॅस बंद केला तर डाळ दाताखाली येते. त्यात बोअरचं जड पाणी असेल, डाळ जुनी असेल किंवा टोमॅटो-चिंचेचा आंबटपणा सुरुवातीलाच पडला असेल, तर ती आणखी हट्टी होते. मूगडाळ यातलं बरंचसं पोटात घालते. एक टोमॅटो पडला तरी ती वेळेत शिजते.

सकाळी जाताना डाळ-तांदूळ भिजत घालून जायचा मोह होईल. तो टाळा. उन्हाळ्यात आपल्याकडे ओट्यावर दहा तास राहिलेलं भिजाण संध्याकाळी आंबूस वास मारतं. त्यापेक्षा रविवारी पाच छोट्या डब्यांत एक वाटी तांदूळ आणि पाऊण वाटी डाळ कोरडीच मापून भरून ठेवा. संध्याकाळी डबा उघडायचा, तीन-चार पाण्यांनी चोळून धुवायचं आणि भाजी चिरेपर्यंत त्याच भांड्यात निथळत ठेवायचं. धुण्यात कसर करू नका. तांदळावरची पिठी आणि मूगडाळीचा फेस हेच शिटीवाटे बाहेर येणारं पिवळं पाणी असतं.

कुकर गॅसवर ठेवा, दोन मोठे चमचे तेल घाला, आणि ते तापेपर्यंत एक मोठा कांदा उभा चिरा. मोहरी तडतडली की जिरे, हिंग, कढीपत्ता आणि कांदा. तो पारदर्शक झाला की पुरे. लाल करत बसलात तर पाच मिनिटं जातात आणि खिचडीत तो फरक कळतही नाही. मग लसणाच्या चार ठेचलेल्या पाकळ्या, अर्धा लहान चमचा हळद, अर्धा लहान चमचा कांदा-लसूण मसाला. मुलांसाठी एवढंच. तुम्हाला झणझणीत हवं असेल तर ताटात वरून कच्चं तेल आणि मसाला घ्या. त्यानंतर बारीक चिरलेला एक टोमॅटो आणि भाजी. गाजर, मटार, फ्लॉवर, दुधी, जे घरात असेल ते मिळून दीड वाटी. गाजराच्या फोडी बोटाच्या पेराहून मोठ्या नकोत. दुधी आणि फ्लॉवर मोठे ठेवा, ते बारीक चिरले तर विरघळून जातात. पालक-मेथी शिजताना घालू नका, कुकर उघडल्यावर बारीक चिरून मिसळा. गरम खिचडीत ती दोन मिनिटांत मऊ होते आणि रंगही टिकतो.

इथून पुढं लक्ष द्या, कारण खिचडी लागते ती इथं. टोमॅटो-मसाला तळाला चिकटलेला असतो. त्यावर डाळ-तांदूळ आणि सगळं पाणी एकदम ओतून झाकण लावलं, की चिकटलेला थर तसाच राहतो आणि मोठ्या आचेवर करपतो. म्हणून आधी एकच वाटी कढत पाणी घाला आणि लाकडी उलथण्यानं तळ खरवडून सगळा मसाला पाण्यात सोडवा. उलथणं तळावर फिरवलं की ते गुळगुळीत सरकलं पाहिजे. कुठे खडबडीत लागलं तर आणखी घासा. मग डाळ-तांदूळ, दीड सपाट लहान चमचा मीठ आणि उरलेलं पाणी घाला. झाकण लगेच लावू नका. पाण्याला उकळी फुटू द्या. कढत पाणी असल्यामुळे मिनिटभरात फुटते. मग तळापासून एकदा ढवळा आणि वर आलेला फेस पळीनं काढून टाका. आता झाकण.

त्या आधी दोन गोष्टी बघून घ्या. झाकणावरची शिटी बसते ती नळी उजेडाकडे धरून आरपार दिसते का बघा. मागच्या वेळचं शीत तिथं अडकलेलं असेल तर वाफ अडते आणि ते धोक्याचं आहे. दुसरं म्हणजे, कुकर अर्ध्याच्या वर भरलेला नको. डाळ-तांदूळ फुगतात, फेसतात. अर्ध्याच्या वर गेलात की तो फेस शिटीतूनच वाट काढणार. वर सांगितलेलं प्रमाण भाजीसकट तीन लिटरच्या कुकरात अर्ध्याला जरा कमीच भरतं. दोन लिटरच्या कुकरात एवढं लावू नका. पाहुणे आले म्हणून तीन लिटरच्या कुकरात दुप्पट लावायलाही जाऊ नका, त्यापेक्षा पाच लिटरचा काढा.

पहिली शिटी मोठ्या आचेवर होऊ द्या, साधारण तीन मिनिटांत होईल. ती झाली की गॅस अगदी बारीक करा, सात मिनिटं घड्याळ लावा आणि मग बंद. पुढच्या शिट्या मोजू नका. शिटी किती वेळा होते हे आच, कुकरचा आकार आणि शिटीचं वजन यावर अवलंबून असतं. मोठ्या आचेवर चार शिट्या पाच मिनिटांतही होतात, आणि तेवढ्यात पाणी उसळून बाहेर येतं पण डाळ शिजत नाही. बारीक आचेवर आत वाफेचा दाब टिकून राहतो आणि शिटी क्वचितच वाजते. खिचडी खरी शिजते ती या सात मिनिटांत आणि नंतरच्या वाफेवर.

गॅस बंद केल्यावर शिटी उचलून वाफ काढू नका. पातळ, पिठूळ पदार्थ आत उसळत असताना दाब एकदम उतरला की तो नळीतून वर उडतो. शेगडी तर घाण होतेच, हात आणि तोंडही भाजतं. आठ-दहा मिनिटं तसाच राहू द्या. शिटी हलकी उचलली आणि वाफेचा आवाज आला नाही, की झाकण काढा.

घड्याळात हे असं बसतं. साडेसातला पाणी ठेवलं. सात पस्तीसला डाळ-तांदूळ धुऊन झाले, तेल तापतंय. सात चाळीसला कांदा-टोमॅटो परतून भाजी पडली. सात त्रेचाळीसला झाकण लागलं. सात सेहेचाळीसला पहिली शिटी, सात त्रेपन्नला गॅस बंद. आठ वाजून एक-दोन मिनिटांनी कुकर उघडला. भाजी रविवारी किंवा आदल्या रात्री चिरून डब्यात ठेवली असेल तर आणखी पाच मिनिटं वाचतात, पण कांदा चिरून ठेवू नका. त्याचा उग्र वास फ्रिजभर होतो.

शेवटच्या आठ मिनिटांत तुम्ही मोकळ्या असता. तेव्हा दुसऱ्या बर्नरवर पापड भाजा आणि काकडी किंवा गाजराची कोशिंबीर करा. दाण्याचं कूट, दही, मीठ, बस्स. मुलांच्या पहिल्या भुकेला मात्र आठपर्यंत थांबवू नका, ती थांबत नाही. बिस्किटाऐवजी गाजर-काकडीच्या फोडी आणि मूठभर भाजके शेंगदाणे व बेदाणे त्यांच्या हातात द्या. सांगलीत चांगला बेदाणा मिळायला काही अडचण नाही. एवढं खाऊन जेवणाची भूक मरत नाही. बिस्किटांनी मरते, कारण पुडा उघडला की तो संपेपर्यंत मुलं थांबत नाहीत.

कुकर उघडल्यावर काय दिसेल, तेही सांगते. वर पाणी आणि खाली दाणे असं दिसलं तर घाबरू नका. पळीनं ढवळा आणि झाकण नुसतं टेकवून पाच मिनिटं ठेवा, खिचडी मिळून येते. फार घट्ट वाटली तर अर्धी वाटी कढत पाणी घालून मिनिटभर गॅसवर ठेवा. गार पाण्यानं तिचे गोळे होतात. आणि करपल्याचा वास आला तर ढवळू नका, तळ खरवडू तर अजिबात नका. वरची खिचडी अलगद दुसऱ्या भांड्यात काढून घ्या. करपट चव तळातल्या थरात असते, ढवळलं की ती सगळीकडे जाते. वर एक चमचा तूप घातलं की मुलं खातात.

रोज खिचडी मुलं खाणार नाहीत, हे मलाही ठाऊक आहे. दुसरा पर्याय चकोल्यांचा. काही घरांत वरणफळं म्हणतात. त्यात डाळ आणि गहू दोन्ही एकाच कढईत शिजतात, वेगळी पोळी करावी लागत नाही. इथंही तूरडाळ अर्ध्या तासात उघड्या कढईत शिजणार नाही, म्हणून मसूरडाळ घ्या, ती लाल, सालं काढलेली. खोलगट कढईत तेल, मोहरी, जिरे, हिंग, लसूण, हळद यांची फोडणी करा. त्यात धुतलेली अर्धी वाटी डाळ मिनिटभर परता आणि सहा वाट्या कढत पाणी ओतून अर्धवट झाकून उकळत ठेवा. पूर्ण झाकलीत तर उतू जाईल. पंधरा मिनिटांत डाळ बोटानं चेपेल एवढी मऊ होते.

तेवढ्या वेळात कणीक. दीड वाटी कणीक, चिमूटभर हळद, ओवा, मीठ, थोडं तिखट, एक चमचा तेल, आणि पोळीपेक्षा घट्ट मळायची. सैल कणकेच्या फळांचा डाळीत लगदा होतो. सकाळच्या डब्याची मळलेली कणीक उरली असेल तर तीही चालते, फक्त फ्रिजमधून आल्या आल्या बाहेर काढा. गार कणीक लाटताना चिरते. तीन मोठ्या पोळ्या लाटा, जाडी चपातीपेक्षा जरा जास्त. मग कातणीनं शंकरपाळ्यांसारखे तुकडे. हे काम तुमची लेक आनंदानं करेल आणि तिचं लक्ष भुकेवरून हटेल. कढईजवळ मात्र तिला येऊ देऊ नका.

आता डाळीत मीठ, अर्धा चमचा कांदा-लसूण मसाला, सुपारीएवढा गूळ आणि दोन आमसुलं घाला. आंबट डाळ शिजल्यावरच घालायचं, आधी घातलंत तर ती शिजायला उशीर लावते. आमटी या वेळी पातळ, ताकाएवढी असायला हवी. घट्ट वाटली तर कढत पाणी वाढवा. तिला खळखळून उकळी आणा आणि चकोल्या चार-पाच करत सुट्या सुट्या सोडा. सगळ्या एकदम टाकल्या किंवा उकळी नसताना टाकल्या, की एकमेकींना चिकटून गठ्ठा होतो आणि आतून कच्चा राहतो. सगळ्या पडल्यावर एकदा हलकेच ढवळा, आच मध्यम करा, सात-आठ मिनिटं. एक चकोली काढून मधोमध तोडा. आत पांढरी पिठूळ रेघ दिसली तर आणखी दोन मिनिटं ठेवा. रेघ नसली की झाल्या. वाढताना आमटी थोडी पातळ वाटू द्या, कारण ताटात पाच मिनिटांत त्या रस्सा पितात.

तिसरा पर्याय अगदी थकलेल्या दिवसासाठी, घरात अंडी चालत असतील तर. कढईत दोन कांदे, एक टोमॅटो, आलं-लसूण आणि एक चमचा कांदा-लसूण मसाला तेल सुटेपर्यंत परता, तीन वाट्या कढत पाणी घाला, मीठ घाला. उकळी आली की आच बारीक करा. चार अंडी एकेक वाटीत फोडून रश्श्यात अलगद सोडा, म्हणजे खराब अंडं निघालं तर ते वाटीतच कळतं. झाकण घाला आणि तीन मिनिटं हात लावू नका. ढवळलं की पांढरं विस्कटून रस्सा गढूळ होतो. मुलांसाठी बलक पूर्ण घट्ट होऊ द्या, त्याला सात-आठ मिनिटं लागतात. सोबत सकाळच्या भाकरी कुस्करून. वेगळं काही करायला नको.

आता मिस्टरांच्या जेवणाचं. खिचडी साडेअकरापर्यंत कुकरातच झाकून ठेवू नका, विशेषतः मार्च ते जून. शिजलेला भात कोमट राहिला की त्यात पोट बिघडवणारे जंतू वाढतात, आणि पुन्हा गरम केल्यावरही त्यांनी सोडलेलं विष जात नाही. तुमचं जेवण झालं की त्यांचा वाटा पसरट डब्यात काढा. खोल डब्यात मधला भाग तासन्‌तास गरम राहतो. पंख्याखाली निववून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जाऊ द्या. आल्यावर त्यांनी पाव वाटी पाणी शिंपडून, झाकण घालून, मधल्या खिचडीतूनही वाफ येईपर्यंत गरम करून खावी. चकोल्यांचा वाटा ठेवायचा असेल तर अर्धी वाटी पाणी घाला, कारण फ्रिजमध्ये त्या आणखी घट्ट होतात.